प्रतिस्पर्धी कंपनीत जातोय, टीमला निरोपाचा मेसेज कसा लिहू?

साचेकर

मंडळी, चाकणला एका टूलरूममध्ये आहे, प्लास्टिकचे मोल्ड बनवतो आम्ही. २०१७ च्या पावसाळ्यात लागलो, तेव्हा भोसरीत एक शेड होती. राजीनामा दिलाय, येता बुधवार शेवटचा दिवस. नवीन कंपनी पण चाकणलाच, आणि सरळ सांगायचं तर आमच्याच गिऱ्हाईकाकडे कोटेशन टाकणारी. दोन वेळा आमची ऑर्डर त्यांनी नेली आहे, एकदा आम्ही त्यांची.

टीममध्ये नऊ माणसं. सगळ्यात ज्येष्ठ फिटर, त्यांना सगळे मामाच म्हणतात. क्वालिटीला ताई आहेत. बाकी सीएनसी, डिझाइन. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप टाकायचा आहे आणि कुणाला "हा फुटला" असं वाटू नये एवढीच इच्छा आहे. काल रात्री हे लिहिलं:

"प्रिय सर्व, आज अत्यंत जड अंतःकरणाने माझ्या या दुसऱ्या कुटुंबाचा निरोप घेत आहे. निर्णय सोपा नव्हता, अनेक रात्री झोप लागली नाही. काही गोष्टी माझ्या हातात नव्हत्या. कृपया कुणीही गैरसमज करून घेऊ नये. माझी निष्ठा कायम आपल्याबरोबरच राहील. करिअरच्या वाढीसाठी एक नवे आव्हान स्वीकारत आहे, कुठे ते लवकरच कळवीन. कुणालाही काहीही अडलं तर रात्री-बेरात्री फोन करा. आपण पुन्हा एकत्र काम करूच!"

बायको म्हणाली, वाचून असं वाटतं की तू काहीतरी चोरलं आहेस. काय बदलू?

भोसरीचा_भाऊ

निरोप समारंभाला शाल, श्रीफळ आणि एक चारोळी एवढं पुरतं. चारोळी माझ्याकडे तयार आहे, जाणाऱ्याचं नाव टाकलं की झालं. मागच्या महिन्यात आमच्या स्टोअर्सच्या साहेबांना म्हणून दाखवली, ते रडले. तुमचा जाणारा माणूस कुठल्या डिपार्टमेंटचा आहे तेवढं सांगा.

साचेकर

भाऊ, जाणारा मीच आहे.

भोसरीचा_भाऊ

असं होय. मग चारोळी दुसऱ्याने म्हणायला पाहिजे. थांबा, वाचतो नीट.

खराडी_बायपास

एवढं घाबरायचं कारणच नाही. करार कायद्याचं कलम २७ वाचा. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही ही अट आपल्याकडे चालतच नाही. त्यामुळे छाती पुढे काढून कंपनीचं नाव लिहा, दुपारी ग्रुपवर आणि संध्याकाळी लिंक्डइनवर. लपवलं की लोकांना संशय येतो. आमच्याकडे आयटीत महिन्याला पाच जण समोरच्या बिल्डिंगमध्ये जातात, जेवायला मात्र एकाच कॅन्टीनला असतात.

वकीलीणबाई

खराडी, निम्मं बरोबर आहे. कलम २७ मुळे नोकरी संपल्यानंतरची बंदी आपल्या कोर्टात सहसा टिकत नाही. पण नोकरी चालू असतानाची बंदी टिकते. १९६७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निरंजन गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग हा निकाल त्यावरच आहे. पाच वर्षांचा करार होता, माणूस मध्येच सोडून टायर कॉर्डचंच सूत बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीत गेला, आणि कोर्टाने कराराच्या मुदतीपुरती मनाई कायम ठेवली. साचेकर, बुधवारी सुट्टी होईपर्यंत तुम्ही जुन्या कंपनीचे नोकर आहात. ग्रुपवर मेसेज टाकाल तेव्हाही.

दुसरं म्हणजे गोपनीयता आणि माणसं किंवा गिऱ्हाईक न पळवण्याच्या अटी. त्या वेगळ्या असतात, कलम २७ चं नाव घेतलं म्हणून आपोआप गळून पडत नाहीत. तुमच्या नेमणूकपत्रात काय लिहिलंय ते काढून वाचा. "आपण पुन्हा एकत्र काम करूच" हे वाक्य तुम्ही प्रेमाने लिहिलंत, पण मालक ते कसं वाचेल? "हा आता माझी पोरं ओढणार." वर उद्या खरंच कुणी गेलं, तर तोच स्क्रीनशॉट वकिलाच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लागेल.

निवृत्त_पर्सोनेल

पिंपरीच्या कारखान्यांत अठ्ठावीस वर्षं पर्सोनेलमध्ये काढली. एचआर हे नाव नंतर आलं. निरोपाची पत्रं शेकड्याने वाचली, त्यामुळे तुमच्या मसुद्यावर जरा सविस्तर लिहितो, रागावू नका.

"गैरसमज करून घेऊ नये" हे वाक्य येईपर्यंत वाचणाऱ्याच्या मनात गैरसमज नसतो. ते तुम्हीच आणून ठेवता. "निष्ठा कायम" लिहिणं तर सपशेल खोटं, कारण पुढच्या महिन्याचा पगार दुसऱ्याचा आहे आणि हे नऊच्या नऊ जणांना कळतं. "काही गोष्टी हातात नव्हत्या" वाचून मालक म्हणेल, म्हणजे माझ्यामुळे गेला. झोप लागली नाही हे खरं असेल, पण ते ग्रुपवर सांगून तुम्ही त्यांच्याकडून माफी मागून घेताय. द्यायची की नाही हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही.

आणि ते "कुटुंब". सगळ्यात जास्त नुकसान हा शब्द करतो. नोकरी सोडणं हा रोजचा व्यवहार आहे. कुटुंब सोडून समोरच्या घरात राहायला जाणं याला आपल्याकडे दुसरं नाव आहे. एकदा कुटुंब म्हणालात की गद्दारी हा शब्द लिहायची गरजच उरत नाही, तो आपोआप वाचला जातो.

आता मुद्द्याचं. मेसेज कितीही चांगला लिहिलात तरी माणसाला लागतं ते मेसेजमधल्या शब्दांनी नाही. "मला हे कुणाकडून आणि कितव्या नंबरने कळलं" याने लागतं. राजीनामा कुणाकुणाला माहीत आहे? नवीन कंपनीचं नाव कुणाला?

साचेकर

राजीनामा सगळ्यांना माहीत आहे, दोन महिन्यांची नोटीस होती. कंपनीचं नाव फक्त मालकांना सांगितलंय. ते म्हणाले, "ठीक आहे, बुधवारपर्यंत काम नीट करा." बाकीच्यांनी विचारलं की मी "बघू, दोन-तीन ठिकाणी चालू आहे" म्हणतो. मामांनाही तेच सांगितलं.

निवृत्त_पर्सोनेल

मामांना? ज्यांच्या हाताखाली शिकलात त्यांना?

मंजिरी_प

मी इथे माझी गोष्ट सांगते, क्षेत्र वेगळं आहे पण दुखणं तेच. सदाशिव पेठेत एका क्लासमध्ये दहावीला गणित शिकवायचे. एप्रिलमध्ये सोडलं आणि जूनपासून त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या क्लासला. वाईट वाटू नये म्हणून सहकाऱ्यांना "थोडा ब्रेक घेतेय" म्हणाले. निरोपाचा मेसेज इतका गोड लिहिला होता की सगळ्यांनी हृदयं टाकली.

मे महिन्यात नव्या क्लासने चौकात फ्लेक्स लावला. त्यावर माझा फोटो, चांगला तीन फुटी. जुन्या क्लासच्या दारातून सरळ दिसायचा. माझ्या शेजारच्या टेबलावर सहा वर्षं बसलेली मैत्रीण रोज तो बघत आत जायची. तिने मला एकच मेसेज केला, "ब्रेक छान दिसतोय." त्यानंतर बोलणं नाही. ती मी गेल्यावर चिडली नाही, फ्लेक्सवरून कळलं म्हणून चिडली. कुठे जातेय ते सांगितलं असतं तर ती कदाचित दोन दिवस फुगून बसली असती, एवढंच.

साचेकर

मंजिरीताई, हे वाचून पोटात गोळा आला. आमच्या धंद्यात फ्लेक्स नाही लागत, पण स्टील सप्लायर आणि हीट ट्रीटमेंटवाला दोन्हीकडे तोच आहे. तो टेम्पो घेऊन आला की आठवड्याभरात सगळं कळणार.

निवृत्त_पर्सोनेल

मग टेम्पोच्या आधी तुम्ही पोचा. उद्या सकाळी पहिल्यांदा मालकांना सांगा की टीमला नाव मी स्वतः सांगतोय. परवानगी मागू नका, कानावर घाला. मग मामांना बाजूला घेऊन कंपनीचं नाव सांगा आणि आधी टाळलं हेही कबूल करा. त्यानंतर जिच्या डोक्यावर तुमचं काम येणार ती व्यक्ती. बाकीच्यांना दुपारच्या चहाला एकत्र सांगितलं तरी चालेल.

कारणं देऊ नका. पगार, लांबचा रस्ता, बढती, काहीही सांगितलंत की समोरचा त्यावर वाद घालतो किंवा स्वतःशी तुलना करतो. "मी अमुक ठिकाणी चाललोय, तुम्हाला माझ्याकडूनच कळावं असं वाटलं" एवढंच बोला आणि गप्प बसा. ती शांतता झेपली पाहिजे, तीच अवघड असते.

हे झालं की बुधवारच्या मेसेजवरचं ओझंच उतरतं. त्यात फक्त तीन गोष्टी लागतात: आज जातोय, इथे काय शिकलो त्यातलं एखादं खरं, आणि काम कुणाकडे आहे.

खराडी_बायपास

पण लेखी नाव का नको? तोंडी सांगितलंच आहे तर मेसेजमध्ये एका ओळीत लिहायला काय हरकत? "अमुक कंपनीत रुजू होतोय." संपलं. न लिहिणं म्हणजे पुन्हा लपवणंच.

वकीलीणबाई

कायद्याने हरकत नाही. पण मेसेज फक्त ग्रुपवर राहत नाही. पाच मिनिटांत गिऱ्हाईकाच्या परचेसवाल्याकडे जातो. जुन्या कंपनीच्या ग्रुपवरून प्रतिस्पर्ध्याचं नाव गिऱ्हाईकापर्यंत पोचणं आणि वर तुमचा नंबर, हे मालकाला जाहिरातीसारखं दिसेल. नाव तोंडी, मेसेज कोरा, असं माझं मत.

खराडी_बायपास

मला नाही पटत, पण तुमच्या एमआयडीसीचं तुम्हाला माहीत.

टूलरूमची_लेक

माझे वडील चाळीस वर्षं फिटर होते म्हणून एक विचारते. ट्रायलच्या ग्रुपचं काय? आमच्याकडे प्रत्येक मोल्डच्या ट्रायलचा वेगळा ग्रुप असतो, मशीनवरून फोटो पडत असतात. फ्लॅश कुठे आला, शॉर्ट कुठे राहिला, सायकल टाइम किती लागला, सगळं. त्यात तुम्ही आहात का?

साचेकर

अरे देवा. मी अ‍ॅडमिन आहे. दोन ग्रुपचा. त्यातल्या एकाची टी-वन ट्रायल शनिवारी आहे, म्हणजे मी गेल्यावर तीन दिवसांनी.

टूलरूमची_लेक

म्हणजे शनिवारी तुम्ही नोकरीला दुसरीकडचे आणि जुन्या कंपनीच्या चालू मोल्डचे फोटो तुमच्या फोनवर येणार. तुम्ही उघडले नाहीत तरी आलेले असणार. गोड मेसेज लिहून मग हे झालं तर काय कामाचं? आधी अ‍ॅडमिन दुसऱ्याला करा, मग स्वतः बाहेर पडा, कुणी काढायची वाट बघू नका. काढायला लागलं की काढणारा आणि तुम्ही, दोघंही ओशाळता.

फोनच्या गॅलरीतले जुने फोटो आणि गुगल फोटोजमध्ये आपोआप चढलेलेही बघा. नुसते उडवू नका, आधी मालकांना किंवा ताईंना विचारा. कंपनीला लागणारे असतील ते त्यांच्याकडे द्या, मग त्यांच्यासमोर उडवा. वडिलांच्या एका जोडीदाराने घाईने सगळं पुसलं होतं, तर लोक म्हणाले पुरावा पुसला.

वकीलीणबाई

अगदी बरोबर. मी हा मुद्दा लिहायला हवा होता, सुटला. ड्रॉइंगची पीडीएफ, बिल ऑफ मटेरियल, कोटेशनच्या शीट, काहीही स्वतःच्या जीमेलवर "आठवण म्हणून" पाठवलेलं असेल तर तेही आजच मालकांना सांगून निकालात काढा.

साचेकर

मामांना सांगितलं. सकाळी ते ग्राइंडरपाशी होते. ऐकून घेतलं, मशीन बंद केलं, हात पुसले आणि म्हणाले, "दोन महिने बघू-बघू करत होतास." एवढंच. मी म्हटलं, चुकलं माझं. परत मशीन चालू केलं त्यांनी.

ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या मला माहीत होतं, हीट ट्रीटमेंटवाला बोलला. म्हणजे टेम्पो माझ्या आधीच पोचला होता. पण त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, आता ट्रायलची यादी दे.

फोनवरचे तीनशेच्या वर फोटो ताईंसमोर बसून कंपनीच्या कॉम्प्युटरवर टाकले आणि मग उडवले. गुगलवरचेही. सव्वा तास गेला. मालक केबिनमधून बघत होते, काही बोलले नाहीत.

आता हा नवीन मसुदा बघा:

"नमस्कार मंडळी. आज माझा इथला शेवटचा दिवस. कुठे चाललोय ते तुम्हा सगळ्यांना मी तोंडीच सांगितलंय.

२०१७ ला भोसरीच्या शेडमध्ये आलो तेव्हा मी मोल्ड फक्त स्क्रीनवर पाहिला होता. पहिल्याच आठवड्यात मामांनी माझ्या हाताला स्पॉटिंगचा ब्लू फासला आणि सांगितलं, ब्लू जिथे लागत नाही तिथे तुझं डिझाइन खोटं बोलतंय. अजूनही डिझाइन करताना ते डोक्यात असतं.

चालू दोन्ही मोल्डची कामं ताईंकडे दिली आहेत. राहिलेल्या मुद्द्यांची यादी ऑफिसच्या फोल्डरमध्ये आहे आणि प्रिंट त्यांच्या टेबलावर. ट्रायल ग्रुपच्या अ‍ॅडमिन आता त्याच आहेत, मी आज दोन्हीतून बाहेर पडतो.

गुरुवारी सुट्टीच्या दिवशी सकाळी नेहमीच्या टपरीवर असेन. मोल्ड सोडून कशावरही बोलू."

निवृत्त_पर्सोनेल

हे चांगलं आहे. ब्लूचं वाक्य मामांना पोचेल. यादीत नेमकं काय राहिलंय ते मेसेजमध्ये लिहिलं नाहीत हेही बरोबर. कुठल्या मोल्डची कुठली स्लाइड अडतेय हे ग्रुपवर लिहिणारा माणूस उद्या प्रतिस्पर्ध्याकडे असणार आहे, हे कुणालाही खुपलं असतं.

"रात्री-बेरात्री फोन करा" काढलंत, तेही उत्तम. तो फोन खरंच आला असता तर तुम्ही काय केलं असतं? सांगितलं तर नव्या मालकाशी बेइमानी, नाही सांगितलं तर जुन्यांशी.

मंजिरी_प

"मोल्ड सोडून" हे जरा टोचतं का? म्हणजे उगाच आठवण करून दिल्यासारखं की आता आपल्यात भिंत आहे.

टूलरूमची_लेक

मला तर तेच वाक्य आवडलं. भिंत आहेच, ती हसून दाखवली. टूलरूमच्या माणसाला बरोबर कळेल.

वकीलीणबाई

ठेवा किंवा काढा, कायद्याच्या बाजूने मला तर फायद्याचंच वाटतं. हा मेसेज गिऱ्हाईकांना किंवा सप्लायरना फॉरवर्ड मात्र करू नका. त्यांना कळवायचं ते मालक कळवतील. आणि किती वाजता टाकणार?

साचेकर

शिफ्ट सुटताना, पाचच्या सुमारास. सकाळी टाकला तर दिवसभर लोक माझ्या तोंडाकडे बघत बसतील.

साचेकर

टाकला बुधवारी. सात जणांचे हात जोडलेले आणि फुलं. मालकांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही, पण रिलीव्हिंग लेटरवर सही करून स्वतः टेबलावर आणून दिलं, सहसा ते ऑफिसच्या पोराकडे देतात. मामांनी मेसेज वाचला आहे, निळ्या खुणा दिसतात. उत्तर नाही.

आणि एक नवीन भानगड. रात्री साडेदहाला सीएनसीच्या पोराचा वैयक्तिक मेसेज आला, "दादा तिकडे जागा आहे का?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.

वकीलीणबाई

उत्तर द्या, पण सरळ: "मी इथून कुणाला नेणार नाही, मला विचारू नकोस." त्याने आपल्या मनाने कुठे अर्ज केला तर तो त्याचा प्रश्न. तुम्ही बायोडेटा पुढे सरकवलात तर तुमचा.

खराडी_बायपास

म्हणजे पोराची संधी घालवायची? त्याला पगार वाढवून मिळत असेल तर? आयटीत आम्ही रेफरल बोनस घेतो अशांसाठी.

निवृत्त_पर्सोनेल

खराडी, तुमच्याकडे चारशे जण असतात. इथे नऊ होते, आता आठ आहेत. पहिल्या महिन्यात एक जरी गेला तरी बुधवारचा मेसेज लोक पुन्हा काढून वाचतील, वेगळ्या नजरेने. वर्षभराने काय करायचं हे मला ठाऊक नाही, पण आत्ता नको.

खराडी_बायपास

वर्षभर पोराने थांबायचं, तुमची इभ्रत राहावी म्हणून. बरं.

साचेकर

खराडी, हे लागलं मला. पण पोराला "मला नको विचारूस" असंच कळवलं. त्याने "ओके दादा" लिहिलं. बरोबर केलं का माहीत नाही.

आज गुरुवार, टपरीवरून आत्ताच आलो. ताई आणि डिझाइनची दोघं आली होती. क्रिकेट आणि तळेगाव चौकातला ट्रॅफिक, दोनच विषय. एकदा एकाच्या तोंडून "परवाच्या ट्रायलला" निघालं, ताईंनी त्याला क्रीमरोल दिला आणि तो गप्प झाला. मामा आले नाहीत. त्यांचा कटिंग सांगून ठेवला होता, तो शेवटी मीच प्यायलो. पुढच्या गुरुवारी परत जाणार आहे.

भोसरीचा_भाऊ

सगळं वाचलं आता. मामांसाठी चारोळी देऊ का? नाव नाही टाकावं लागणार, मामा हा शब्द यमकात बसतो.